पोस्टरच्या सपाट चित्रातील देवनागरी फॉन्ट कसा जुळवावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोस्टरवरील शुद्धलेखनाची चूक बहुतेक वेळा ते सगळीकडे फिरून झाल्यावर लक्षात येते. तोपर्यंत मूळ फाइल हाती नसते, करणाऱ्याचा फोन लागत नाही आणि आपल्याजवळ उरते ती फक्त एक जेपीजी प्रतिमा. अशा वेळी एकच शब्द बदलायचा असतो, पण तो शेजारच्या शब्दांत मिसळला नाही तर दुरुस्ती चुकीपेक्षाही जास्त डोळ्यांत भरते. येथील उत्तरांत शक्य तेथे एकच उदाहरण घेतले आहे. पोस्टरचा मथळा 'मोफत नेत्रतपासणी शिबीर' असा आहे. 'शिबिर' हा तत्सम शब्द असल्यामुळे त्याच्या दोन्ही वेलांट्या ऱ्हस्व हव्यात, म्हणजे 'बी' काढून तेथे 'बि' बसवायची आहे. त्याच पोस्टरवर त्याच अक्षरवळणात 'विशेष अतिथी' आणि 'संपर्क' हे शब्दही आहेत, आणि पुढे त्यांचा बराच उपयोग होणार आहे.

१. प्रतिमेतून फॉन्टचे नाव थेट का काढता येत नाही?

पोस्टर सपाट करून जेपीजी किंवा पीएनजी म्हणून साठवले की अक्षरे अक्षरे राहत नाहीत, ती रंगीत ठिपक्यांची रचना होतात. फॉन्टचे नाव, आकार, जाडी यांपैकी काहीही फाइलमध्ये उरत नाही. म्हणून कोणत्याही तपासणीआधी पोस्टर पीडीएफ स्वरूपात कोणाकडे आहे का, हे अवश्य विचारावे. पीडीएफमध्ये मजकूर जिवंत असेल, तर पॉप्लर या मुक्त साधनसंचातील पुढील आज्ञा फॉन्टांची यादी देते.

```
pdffonts poster.pdf
```

यादी रिकामी आली, तर मजकुराच्या बाह्यरेषा केलेल्या आहेत किंवा पीडीएफमध्ये नुसते चित्र चिकटवलेले आहे असे समजावे. बाह्यरेषा असतील तर फॉन्ट कळला नाही तरी अक्षरांचे स्वच्छ आकार हाती येतात, आणि प्रश्न १२ मधील काम पुष्कळ सोपे होते.

२. चित्र टाकले की फॉन्ट ओळखणारी साधने आहेत ना? ती देवनागरीला का चालत नाहीत?

ही साधने मुख्यतः रोमन लिपीसाठी घडवलेली आहेत. ती एकेक अक्षर सुटे करून पाहतात, आणि देवनागरीत शिरोरेषेमुळे संपूर्ण शब्द एकसंध दिसतो. त्यामुळे त्यांनी दिलेले उत्तर बहुधा निरुपयोगी असते.

तरी त्यांचा आडवळणाने उपयोग होतो. पोस्टरवर इंग्रजी नाव, ईमेल किंवा इंग्रजी अंकांतील फोन नंबर असेल तर तेवढाच भाग कापून ओळखायला द्यावा. मुक्त, पॉपिन्स, हिंद, बालू अशा अनेक आधुनिक फॉन्टांत देवनागरी आणि रोमन ही दोन्ही वळणे एकाच कुटुंबात असतात, आणि पोस्टर करणारा बहुधा संपूर्ण मजकुराला एकच फॉन्ट लावतो. रोमन भाग पॉपिन्स निघाला, तर देवनागरीची पहिली चाचणी पॉपिन्सचीच घ्यावी. मात्र हा पुरावा नाही, फक्त धागा आहे. रोमन भाग एरियल किंवा टाइम्स निघाला तर त्यातून देवनागरीविषयी फारसे काही कळत नाही. जुन्या, बिगरयुनिकोड देवनागरी फॉन्टांत रोमन अक्षरे बहुधा नसतातच, त्यामुळे तेथे इंग्रजीसाठी वेगळा फॉन्ट घ्यावा लागतो.

३. मथळा फॉन्टमध्ये आहे की हाताने काढलेला आहे, हे कसे ओळखावे?

एकच अक्षर दोनदा आलेले शोधावे आणि ते एकमेकांवर ठेवून पाहावे. 'नेत्रतपासणी' मध्ये सुटा 'त' एकदाच येतो, पण 'मोफत' मधील 'त' त्याच्याशी ताडून पाहता येतो. फॉन्टमधील दोन 'त' ठिपक्याच्या किंचित फरकाने तंतोतंत जुळतात. हातच्या सुलेखनात त्यांची शेपटी, कोन, जाडी यांत फरक दिसतोच. सुलेखनासारखे दिसणारे फॉन्टही पुष्कळ आहेत, म्हणून ब्रशची खरखर किंवा तिरके वळण पाहून निर्णय करू नये. निर्णय पुनरावृत्तीवरून करावा.

मथळा हाताने काढलेला निघाला, तर फॉन्ट शोधण्यात वेळ घालवू नये. पोस्टरवरच्याच अक्षरांतून शब्द जुळवावा.

४. नेमकी कोणती अक्षरे पाहून फॉन्ट ओळखावा?

'प', 'न', 'र', 'म' ही अक्षरे जवळजवळ सर्व फॉन्टांत सारखीच दिसतात, म्हणून त्यांच्यावर विसंबणे व्यर्थ आहे. ज्यांची घडण करताना अक्षररचनाकाराला निर्णय घ्यावे लागतात ती अक्षरे बोलकी असतात. अ, झ, ण, ळ, ह, श, ल, क्ष, ज्ञ, त्र आणि अंकांपैकी ५, ८, ९ ही त्यांतली मुख्य. आपल्या मथळ्यात 'त्र', 'ण' आणि 'श' आहेत, म्हणजे सामग्री चांगली आहे.

त्यानंतर अक्षरांपेक्षा लहान गोष्टींकडे वळावे, कारण खरा फरक तेथे सापडतो. चित्र चारशे टक्के मोठे करून 'संपर्क' हा शब्द पाहावा. अनुस्वार पूर्ण गोल आहे, चौकटच्या आकाराचा आहे, की बोरूने टेकवल्यासारखा तिरका आहे? तो शिरोरेषेपासून किती उंच आहे? 'र्क' वरचा रफार दंडाच्या डोक्यावरून सुटतो की किंचित उजवीकडून, आणि त्याचे टोक बारीक होत जाते की सपाट कापलेले आहे? 'क' ची उजवी शेपटी खाली येऊन थांबते की आत वळते? दंडाचा तळ सरळ कापलेला आहे की तिरका? बोरूच्या वळणावर बेतलेल्या फॉन्टांत जाड आणि बारीक रेषांचा फरक ठळक असतो आणि टोके तिरकी असतात. मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टांत जाडी जवळजवळ एकसारखी राहते.

शिरोरेषाही पाहावी. ती सलग आहे की प्रत्येक अक्षरानंतर बारीक फट आहे? शब्दाच्या दोन्ही टोकांना ती अक्षराबाहेर किती येते? दोन फॉन्ट एरवी जुळ्या भावंडांसारखे असले, तरी शिरोरेषेचे टोक अनेकदा त्यांना वेगळे करते.

५. नजरेला दोन फॉन्ट सारखेच वाटतात. मोजून काही ठरवता येते का?

येते, आणि नजरेपेक्षा मोजमापावर अधिक भरवसा ठेवावा. तीन मापे पुरतात. पहिले, शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून दंडाच्या तळापर्यंतची उंची. दुसरे, शिरोरेषेची जाडी. तिसरे, दंडाची जाडी. प्रतिमेत कडा धूसर असतात, म्हणून दोन्ही बाजूंना निम्म्या रंगछटेच्या ठिपक्यापासून मोजावे.

समजा आपल्या मथळ्यात उंची १६८ पिक्सेल, शिरोरेषा १७ पिक्सेल आणि दंड २१ पिक्सेल भरला. म्हणजे शिरोरेषा उंचीच्या सुमारे एक दशांश आणि दंड बरोबर एक अष्टमांश आहे. आकार लहानमोठा झाला तरी ही गुणोत्तरे बदलत नाहीत. आता जो फॉन्ट पडताळायचा आहे त्यात तोच शब्द मोठ्या आकारात टंकावा आणि हीच मापे घ्यावीत. त्यात शिरोरेषा आणि दंड समान जाडीचे निघाले, तर अक्षरे कितीही सारखी दिसोत, तो फॉन्ट आपला नाही. दोन्ही गुणोत्तरे एकाच प्रमाणात कमी निघाली, तर फॉन्ट तोच असून पोस्टरमध्ये अधिक जाड वजन वापरले असण्याची शक्यता आहे. मुक्तमध्ये एक्स्ट्रालाइटपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत सात वजने आहेत. नोटो सॅन्स देवनागरी बदलत्या जाडीच्या रूपातही मिळतो, त्यामुळे तेथे दोन नेहमीच्या वजनांमधली जाडीही संभवते.

६. पडताळायला फॉन्ट कोठून आणावेत? शेकडो फॉन्ट एकेक करून पाहायचे का?

गूगल फॉन्ट्सवर लिपी देवनागरी निवडून नमुन्याच्या चौकटीत पोस्टरवरचाच शब्द टंकावा. सर्व फॉन्ट त्याच शब्दात दिसू लागतात. येथे 'मराठी' किंवा 'नमस्कार' लिहू नये. 'नेत्रतपासणी' लिहावे, कारण ताडून पाहण्याजोगी अक्षरे त्यातच आहेत. मोबाइलवरील किंवा ऑनलाइन साधनांनी केलेल्या पोस्टरांचा फॉन्ट येथे सापडण्याची शक्यता बरीच असते.

संगणकावर आधीच असलेल्या फॉन्टांपैकी मराठीला चालणारे कोणते, हे लिनक्सवर पहिली आज्ञा सांगते. दुसरी आज्ञा हार्फबझ या अक्षरजुळणी यंत्रणेच्या साहाय्याने एखाद्या फॉन्टमधील शब्दाचे चित्र काढून देते.

```
fc-list :lang=mr family
hb-view --language=mr --font-size=400 \
  --output-file=namuna.png Mukta-Bold.ttf "नेत्रतपासणी"
```

पोस्टर कोठे तयार झाले असावे याचाही विचार करावा. विंडोजवर वर्डमध्ये केलेल्या पत्रकांत मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता किंवा निर्मला आढळतात. मॅकवर कोहिनूर देवनागरी आणि श्री देवनागरी ७१४ हे आधीपासूनच असतात. फ्लेक्सच्या दुकानात केलेला फलक असेल तर प्रथम प्रश्न १० पाहावा.

७. फॉन्ट सापडला असे वाटते. खात्री कशी करावी?

चुकीचा शब्द टंकून पडताळणी करू नये. ज्या शब्दात चूक नाही आणि बोलकी अक्षरे आहेत, असा शब्द निवडावा. येथे 'नेत्रतपासणी' योग्य आहे. तो वेगळ्या लेयरवर, पोस्टरमधूनच उचललेल्या रंगात टंकावा, मूळ शब्दावर आणावा आणि लेयरची मिश्रणपद्धत 'डिफरन्स' करावी. जेथे दोन्ही अक्षरे एकमेकांवर बसतात तेथे काळे दिसते. जेथे मूळ अक्षर बाहेर डोकावते तेथे त्याचा जुना रंग राहतो, आणि जेथे नवे अक्षर बाहेर पडते तेथे तिसराच रंग दिसतो.

कडेने एक पिक्सेलची बारीक झालर राहिली तर ती प्रतिमेच्या संकोचनाची असते. तिची चिंता करू नये. शब्दाच्या सुरुवातीला अक्षरे जुळतात आणि शेवटाकडे हळूहळू सरकत जातात, असे झाले तर फॉन्ट बहुधा बरोबर आहे, आकार किंवा अक्षरांतर चुकले आहे. सर्व दंड जुळतात पण 'ण' चे पोट किंवा 'त्र' ची तिरकी रेघ जुळत नाही, असे झाले तर फॉन्ट वेगळा आहे. हा फरक डोळ्यांआड करू नये. एकाच अक्षरातील निश्चित विसंगतीपुढे दहा अक्षरांतील साम्य लंगडे पडते. अपवाद फक्त प्रश्न ११ मधील कारणांचा.

अक्षरांतराबाबत देवनागरीत एक सोय आहे. अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. त्यामुळे पोस्टरवरील शिरोरेषा सलग असेल तर ट्रॅकिंग शून्य किंवा उणे आहे असे धरून सुरुवात करता येते.

८. आकार किती पॉइंट ठेवावा?

पॉइंटचा आकडा अंदाजाने लावू नये. एकाच पॉइंट आकारात दोन देवनागरी फॉन्टांची दृश्य उंची खूप वेगळी असू शकते. फॉन्ट ४०० पिक्सेलवर टंकून दंडाची उंची मोजावी. ती २४८ पिक्सेल आली आणि पोस्टरवर ती १६८ असेल, तर ४०० गुणिले १६८ भागिले २४८, म्हणजे सुमारे २७१ पिक्सेल हा आपला आकार. यानंतरची अर्ध्या-एक पिक्सेलची दुरुस्ती प्रश्न ७ मधील पद्धतीने करावी.

९. उंची जुळते पण रुंदी जुळत नाही, किंवा अक्षरे किंचित फुगलेली वाटतात. असे का?

बहुतेक वेळा पोस्टर करणाऱ्याने ओळ जागेत बसवण्यासाठी शब्द ओढलेला किंवा दाबलेला असतो. त्याचा साक्षीदार म्हणजे अनुस्वार. फॉन्टमधील अनुस्वार पूर्ण गोल असेल आणि पोस्टरवर तो २२ पिक्सेल रुंद व २६ पिक्सेल उंच भरला, तर आडवे माप सुमारे ८५ टक्क्यांवर आणलेले आहे. टंकलेला शब्द आडवा ८५ टक्के करून पुन्हा ताडावा. अशा ओढाताणीत दंडाची जाडी बदलते पण शिरोरेषेची बदलत नाही, हे लक्षात ठेवले तर प्रश्न ५ मधील गुणोत्तरांचे कोडेही सुटते.

फुगलेपणाचे कारण वेगळे असते. अक्षराभोवती त्याच रंगाची कड दिलेली असते. कड सर्व बाजूंनी सारखीच वाढते, म्हणून शिरोरेषा आणि दंड दोन्ही समान पिक्सेलांनी जाड होतात आणि 'स', 'ण' यांच्या आतल्या पोकळ्या आक्रसतात. दंडाचे तळकोपरे गोल झालेले दिसले की ही शंका प्रथम घ्यावी. उपाय सोपा आहे: मूळ जाडी काढून उरलेल्या फरकाच्या निम्मी कड द्यावी, कारण ती दोन्ही बाजूंना लागते.

१०. फलक जुन्या, बिगरयुनिकोड फॉन्टमध्ये असेल तर कसे कळते आणि टंकायचे कसे?

महाराष्ट्रातील छपाईच्या दुकानांत श्रीलिपी, सीडॅकचे जुने सुरेख-योगेश आणि हिंदीकडून आलेला कृतिदेव यांसारखे फॉन्ट अनेक वर्षे चालले, आणि आजही चालतात. त्यांत देवनागरीची चिन्हे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात आणि अक्षर तुकड्यांतून जोडले जाते. चित्रावरूनही त्याच्या खुणा दिसतात. पहिली वेलांटी सर्व अक्षरांवर सारख्याच रुंदीची असते, त्यामुळे अरुंद अक्षरावर ती दंडाच्या पुढे जाते आणि रुंद अक्षरावर अलीकडेच थांबते. बारकाईने पाहिल्यास शिरोरेषेच्या सांध्यावर फट किंवा किंचित गडद ठिपका आढळतो. पोस्टरवर 'बुद्ध' ऐवजी 'बुध्द' असे अर्धा 'ध' आणि पूर्ण 'द' दिसले, तर तेही बहुधा अशाच टंकनाचे लक्षण असते.

या फॉन्टांत युनिकोड मजकूर चिकटवला तर चौकोन दिसतात किंवा प्रणाली गुपचूप दुसराच फॉन्ट वापरते, आणि 'फॉन्ट लावला तरी आकार बदलत नाही' अशी तक्रार त्यातूनच येते. येथे त्या फॉन्टच्या कळपाटाप्रमाणे टंकावे लागते. उदाहरणार्थ, कृतिदेवमध्ये 'कि' साठी आधी वेलांटी व मग 'क', म्हणजे `fd` असे टंकतात. लांब मजकुरासाठी परिवर्तक वापरता येतो, पण एका शब्दासाठी चिन्हतक्त्यातून तुकडे उचलणे अधिक भरवशाचे.

काही जुन्या फॉन्टांची युनिकोड रूपेही आहेत, जसे `CDAC-GISTSurekh` आणि `CDAC-GISTYogesh`. तीच वापरावीत असा मोह होतो, पण जोडाक्षरे, वेलांट्या आणि अंतरे जुन्या रूपासारखीच असतील असे गृहीत धरू नये. येथेही प्रश्न ७ मधील पडताळणी करावी.

११. फॉन्ट नक्की तोच आहे, तरी 'ल', 'श' किंवा एखादे जोडाक्षर वेगळे का दिसते?

याची दोन कारणे आहेत. पहिले कारण भाषेचे. मराठी वळणात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' लिहितात, आणि २०२२ च्या शासन निर्णयातही हीच रूपे धरलेली आहेत. काही फॉन्टांत हिंदी आणि मराठी अशी दोन्ही रूपे असतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे प्रणालीला सांगितले तरच मराठी रूप येते. नोटो सॅन्स देवनागरी हे त्याचे उदाहरण. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडावी. वर दिलेल्या आज्ञेतील `--language=mr` याचसाठी आहे. उलटही घडते. पोस्टर करणाऱ्याने भाषा निवडलेली नसते, त्यामुळे पोस्टरवर हिंदी वळणाचा 'ल' असतो. तेव्हा आपल्या शब्दातही तेच वळण ठेवावे. एका ओळीत दोन प्रकारचे 'ल' मला तरी अक्षम्य वाटतात, मग त्यांतला एक कितीही योग्य असो.

दुसरे कारण जोडणीचे. 'उद्घाटन' मधील 'द्घ' काही फॉन्टांत एकाखाली एक जुळतो, तर काहींत 'द' चा पाय मोडून 'घ' शेजारी येतो. पोस्टरवर पाय मोडलेला असेल आणि आपल्याकडे जुळलेला येत असेल, तर हलन्तानंतर शून्य रुंदीचे विलगक, म्हणजे `U+200C`, घालावे. उलट, 'क्त' चे जुळलेले रूप नको असून अर्धा 'क' हवा असेल तर हलन्तानंतर `U+200D` घालावे. सर्वच जोडाक्षरे सुटी पडत असतील, वेलांटी अक्षरानंतर येत असेल, तर दोष फॉन्टचा नाही. सॉफ्टवेअरची भारतीय लिपींची मांडणी बंद आहे. फोटोशॉपमध्ये ती 'वर्ल्ड-रेडी' मांडणी निवडल्यावर सुरू होते.

१२. सगळे करूनही फॉन्ट सापडला नाही. आता?

आता पोस्टरलाच फॉन्ट मानावे. आपल्या उदाहरणात 'शिबीर' मधील 'श', 'ब', 'र' आणि शब्दाची पहिली 'ि' हे सर्व जागेवर आहे. हवी आहे ती फक्त 'ब' वरची पहिली वेलांटी.

सहज सुचणारा मार्ग म्हणजे 'शि' ची वेलांटी उचलून 'ब' ला लावणे. तो बहुधा फसतो. 'श' रुंद आहे आणि 'ब' अरुंद. चांगल्या फॉन्टांत वेलांटीची कमान अक्षराच्या रुंदीप्रमाणे बदलते, म्हणजे तिचे टोक अक्षराच्या दंडावर येऊन टेकते. 'शि' ची कमान 'ब' वर ठेवली तर टोक दंडापुढे लोंबते. कमान दाबून अरुंद केली तर तिची उभी रेघ आणि टोक दोन्ही बारीक होतात, आणि ते ध्यानात येते.

म्हणून 'विशेष' कडे वळावे. 'व' आणि 'ब' यांचा सांगाडा व रुंदी सारखीच असते, फरक पोटातल्या तिरक्या रेघेचा. 'वि' ची वेलांटी जशीच्या तशी 'ब' वर बसते. 'विशेष अतिथी' ही ओळ लहान आकारात असेल, तर ती प्रश्न ८ मधील गुणोत्तराने मोठी करावी लागेल आणि कडा धूसर होतील. तेव्हा ती मोठी करून तिच्यावरून पेन टूलने नवी बाह्यरेषा काढावी. एकाच वेलांटीचे आरेखन थोड्या वेळात होते आणि कडा स्वच्छ मिळतात.

त्यानंतर अंतराचा प्रश्न येतो. 'शिबिर' मध्ये 'श' चा दंड आणि दुसऱ्या वेलांटीचा दंड शेजारी-शेजारी येतात. 'शिबीर' मध्ये अशी जोडी नव्हती, म्हणून त्या शब्दातून अंतर मिळत नाही. ते 'अतिथी' मधून मिळते. तेथे 'अ' च्या दंडानंतर 'ति' च्या वेलांटीचा दंड आहे. ते अंतर मोजून उंचीच्या प्रमाणात वाढवावे. समजा 'अतिथी' मध्ये दंडाची उंची ५६ पिक्सेल आणि दोन दंडांतील मोकळी जागा ११ पिक्सेल आहे. मथळ्यात उंची तिप्पट, म्हणून जागा ३३ पिक्सेल.

'बी' चा काना उजवीकडून जातो आणि 'बि' चा डावीकडे येतो, त्यामुळे शब्दाची एकूण रुंदी जवळजवळ तेवढीच राहते आणि 'र' ला किरकोळच हलवावे लागते. शेवटी शिरोरेषा नव्याने एकाच पट्टीत, मोजलेल्या १७ पिक्सेल जाडीने ओढावी. तुकड्यांच्या शिरोरेषा जोडत बसल्यास सांधे दिसतात.

१३. मिळताजुळता फॉन्ट लावून एकच शब्द बदलला तर चालेल का?

एकाच ओळीत नको. शेजारी-शेजारी असलेल्या अक्षरांतील फरक सामान्य वाचकालाही जाणवतो, जरी त्याला कारण सांगता आले नाही. अगदी जुळणारा फॉन्ट मिळत नसेल आणि प्रश्न १२ मधील काम शक्य नसेल, तर संपूर्ण ओळच मिळत्याजुळत्या फॉन्टमध्ये टंकावी. मथळ्याचा फॉन्ट खालच्या मजकुरापेक्षा वेगळा असणे नेहमीचेच आहे. मथळ्यातील तिसरा शब्द पहिल्या दोघांपेक्षा वेगळा असणे मात्र कोणी स्वाभाविक मानत नाही.

१४. शब्द नीट बसला, पण तो इतरांपेक्षा फारच स्वच्छ दिसतो. काय करावे?

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रतिमा संकोचित झालेली असते, म्हणून प्रथम ती 'डॉक्युमेंट' म्हणून पुन्हा पाठवण्याची विनंती करावी. तेही शक्य नसेल तर नव्या शब्दावर अर्ध्या पिक्सेलच्या आसपास गॉशियन ब्लर द्यावा आणि मूळ अक्षराची कड किती पिक्सेलांत विरते त्याच्याशी ताडून तो कमी-जास्त करावा. जुन्या अक्षरांभोवती जेपीजीचे मळकट ठिपके असतात, ते मुद्दाम रंगवू नयेत. काम पीएनजीमध्ये पूर्ण करून अखेरीस एकदाच जेपीजी काढली की नव्या शब्दाभोवतीही तसेच ठिपके आपोआप येतात.

फ्लेक्स छापायचा असेल तर हिशेब उलटा होतो. १०८० पिक्सेल रुंदीची प्रतिमा सहा फुटांवर ताणली, तर दर इंचाला केवळ १५ पिक्सेल उरतात आणि जुनी अक्षरे पायऱ्यापायऱ्यांची दिसतात. फॉन्ट ओळखता आला असेल तर अशा वेळी एकच शब्द न बदलता सर्व मजकूर नव्याने, मोठ्या आकाराच्या फाइलवर टंकावा. शोधण्याचे कष्ट तेच असतात, आणि फलकावरचे प्रत्येक अक्षर स्वच्छ छापले जाते.